वाढदिवस अकराला, शुभेच्छा सोळाला

वाढदिवसाच्या दिवशी सकाळपासून फोन वाजत असतो. शाळेचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप. केकची चित्रं, फुलांचे गुच्छ. त्या गर्दीत जिवलग मैत्रिणीचा निरोपही पटकन वाचला जातो आणि त्याला इतरांसारखंच हात जोडलेलं उत्तर मिळतं. चार-पाच दिवसांनी आलेला निरोप मात्र एकटाच येतो आणि निवांत वाचला जातो. म्हणून उशिराच्या शुभेच्छा जरा वेगळ्या लिहाव्या लागतात. त्या दिवशी ‘हॅपी बर्थडे’ एवढे दोन शब्द चालून गेले असते, पण पाच दिवसांनी तेच दोन शब्द आले तर समोरच्याला वाटतं, आठवण झाली आणि उरकून टाकलं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मैत्रिणीचा जन्म ११ ऑक्टोबर १९९२चा. त्या दिवशी कोजागिरीची पौर्णिमा होती. २०२४ साली ११ ऑक्टोबर आला तो नवरात्राच्या अखेरीला, दुसऱ्या दिवशी दसरा. घरोघरी धावपळ, आणि नेमकी तीच तारीख निसटली. १६ तारखेला लक्षात आलं. आता काय लिहायचं?

‘सॉरी, सॉरी, कशी विसरले कळत नाही, फार वाईट वाटतंय’ असं सुरू केलं की वाढदिवस तिचा असूनही समजूत तिलाच घालावी लागते. ‘अगं, असू दे गं’ म्हणण्यात तिचं उत्तर संपून जातं. उशीर एका वाक्यात कबूल करावा, आणि कारण खरं असेल तरच सांगावं. ‘कामात बुडाले होते’ म्हणणाऱ्या मैत्रिणीचे गरब्याचे फोटो तिने स्टेटसवर पाहिलेले असतात. त्यानंतर तिच्याखेरीज दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही असं काहीतरी हवं: दोघींची एखादी आठवण, तिच्या या वर्षाबद्दलचा एखादा प्रश्न आणि भेटीचा ठरलेला वार. ‘भेटू एकदा’ हे आपण सगळ्यांनाच म्हणतो. वार सांगितला की ते खरं वाटतं.

इथे आपलं पंचांगही मदतीला येतं. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे तिथी दर वर्षी मागे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. कोजागिरी २०२३मध्ये २८ ऑक्टोबरला होती, २०२४मध्ये १६ला आणि २०२५मध्ये ६ला. १९ वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. २०११ साली या मैत्रिणीला एकोणीस पूर्ण झाली तेव्हा कोजागिरी ११ ऑक्टोबरलाच होती. २०२४मध्ये तारीख हुकली, पण तिथी अजून हातात होती. आपल्याकडे कितीतरी घरांत आजही तिथीने औक्षण होतं, तेव्हा ही ओढूनताणून शोधलेली सबब नाही. जन्मतिथी पत्रिकेत असते. नसेल तर जन्मवर्षाच्या पंचांगात सापडते.

मग निरोप असा होईल:

‘अगं, नवरात्राच्या धावपळीत ११ तारीख निसटली माझ्या हातून. पण तू कोजागिरीची, आणि कोजागिरी आज आहे! वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. दूध आटवायला ठेवलं आणि तुमच्या गच्चीवरची ती रात्र आठवली. गप्पांच्या नादात पातेलं उतू गेलं आणि काकूंनी दोघींनाही ओट्याशी उभं केलं होतं. नव्या नोकरीतला पहिला वाढदिवस कसा झाला? शनिवारी सकाळी येतेय, नाश्ता माझ्याकडून. तेव्हा सगळं सांग.’

दर वेळी तिथी अशी पुढे असेलच असं नाही. बऱ्याच वर्षी ती आधीच होऊन गेलेली असते. तेव्हा तो भाग सोडून द्यावा. आठवण, प्रश्न आणि वार एवढं पुरेसं आहे. निरोप तिला एकटीला पाठवावा. ग्रुपवर उशिरा टाकला की बाकीच्यांनाही आठवतं आणि उशिराच्या शुभेच्छांची रांग लागते, त्यात आपलं लिहिलेलं हरवतं.

हा हलका सूर दर वेळी चालत नाही. त्या वर्षी तिच्या घरात कुणी गेलं असेल, तर आई किंवा वडिलांशिवायचा तो पहिला वाढदिवस असतो आणि तिने त्या दिवशी आपली वाट पाहिलेली असते. अशा वेळी लिहीत बसू नये. फोन करावा, उशिराबद्दल साधं ‘चुकलं माझं’ म्हणावं आणि तिला बोलू द्यावं. महिना उलटला असेल तर वाढदिवसाचं नाव मधे कुठेतरी ओझरतं घ्यावं आणि बाकी मोठं, निवांत पत्र लिहावं.

निरोप पोचला की नाही हे तिच्या उत्तरावरून कळतं. नुसतं ‘थँक्यू गं’ आलं, तर तो त्या दिवशीच्या गर्दीत जाऊन बसला. ती नोकरीबद्दल लिहू लागली, किंवा ‘पातेलं तुझ्यामुळे उतू गेलं होतं, माझ्यामुळे नाही’ म्हणून भांडायला आली, तर शनिवारी थोडं लवकरच निघावं.