त्या शून्याला हात लावण्याआधी

नोकरी सोडताना मी चौदा पानांचं हँडओव्हर डॉक्युमेंट लिहिलं होतं. कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, बिल्ड कसा करायचा, कुठली फाइल कशासाठी, सगळं त्यात होतं. माझ्या जागी आलेल्या मुलीनं ते एका संध्याकाळी वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलापाशी येऊन विचारलं, “सर, आपण डेप्थ बफर शून्यानं पुसतो. मी शिकले त्यात तो एकनं पुसतात. हे चुकून राहिलंय का? बदलून टाकू?”

चुकून राहिलेलं नव्हतं. त्या शून्यापायी माझे तीन आठवडे गेले होते, पण चौदा पानांत त्याबद्दल अक्षरही नव्हतं. न विचारता तिनं ते बदललं असतं तर चित्र पडद्यावर आलंच नसतं आणि चूक लगेच कळली असती. त्याच्या वरची ओळ काढली असती, तर मात्र महिनोन्‌महिने कुणाच्या काही लक्षात आलं नसतं. त्या दिवशी मी डॉक्युमेंट पुन्हा लिहायला घेतलं.

आमची कंपनी पुण्यातली, छोटीशी. अजून न बांधलेल्या इमारती पडद्यावर उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाला त्यातून हिंडू द्यायचं, हे काम. त्यासाठी आम्ही स्वतःचं इंजिन लिहिलं होतं. इंजिन म्हणजे भिंती, खिडक्या, झाडं यांचे आकडे घेऊन त्यांचं चित्र तयार करणारा प्रोग्रॅम. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलावं लागतं. म्हणजे एका चित्राला, आमच्या भाषेत एका फ्रेमला, मिळतात १६.६७ मिलिसेकंद.

नव्या डॉक्युमेंटचं पहिलं पान फक्त या एका फ्रेमचं होतं. तिच्यात कामं कुठल्या क्रमानं होतात आणि तोच क्रम का, एवढंच त्यावर लिहिलं. आधी सूर्याच्या जागी उभं राहून सगळा देखावा बघायचा आणि त्याला दिसणारा प्रत्येक बिंदू किती लांब आहे तेवढं नोंदवायचं. ही नोंद म्हणजे शॅडो मॅप. पुढे भिंतीचा एखादा ठिपका रंगवताना त्यावर ऊन आहे की सावली, हे या नोंदीवरूनच ठरतं, म्हणून हे काम सगळ्यांत आधी. मग भिंती, जमीन, फर्निचर अशा आरपार न दिसणाऱ्या वस्तू, जवळून लांब या क्रमानं. मग आकाश. मग काचा, त्या मात्र लांबून जवळ. शेवटी उजेडाचा समतोल आणि पडद्यावरची अक्षरं.

भिंती एका दिशेनं आणि काचा उलट्या दिशेनं का, हे समजायला डेप्थ बफर समजावा लागतो. एडविन कॅटमुल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात ही युक्ती मांडली. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी रंगाबरोबर आणखी एक आकडा ठेवायचा: इथे आत्ता दिसणारी वस्तू किती खोलवर आहे. नवी वस्तू रंगवायला आली की तिची खोली त्या आकड्याशी ताडून बघायची. ती जवळची असेल तर रंग आणि आकडा दोन्ही बदलायचे, लांबची असेल तर सोडून द्यायची. यामुळे वस्तू कुठल्याही क्रमानं आल्या तरी चित्र बरोबरच येतं. मग भिंती जवळून का सुरू करायच्या? वेळ वाचावा म्हणून. समोरची भिंत आधी रंगवली, की तिच्यामागचं अख्खं स्वयंपाकघर नुसत्या ताडून बघण्यातच बाद होतं, त्याच्या रंगाचा हिशोब करावाच लागत नाही. आकाश भिंतींनंतर येतं ते याचसाठी. काचेचं तसं नाही. निळसर काचेला मागच्या रंगावर आपला रंग चढवायचा असतो, म्हणजे मागचं सगळं आधी रंगवून झालेलं हवं.

आता त्या शून्याची गोष्ट. एका टेकडीवरच्या गृहप्रकल्पाचं काम होतं. बाल्कनीतून समोरची दुसरी इमारत दिसायची, साधारण एक किलोमीटरवर. तिच्या भिंतीवर दहा सेंटिमीटर पुढे आलेले विटकरी पट्टे होते. कॅमेरा जरा हलला की ते पट्टे चुरचुरायचे. विटकरी आणि पांढरे ठिपके क्षणाक्षणाला जागा बदलायचे. याला आमच्यात झेड-फायटिंग म्हणतात. दोन पृष्ठभागांची खोली बफरमध्ये एकाच आकड्यावर येऊन पडते आणि पुढे कोण, हे हिशोबातल्या बारीकसारीक चुका ठरवतात.

दहा सेंटिमीटरचा फरक आकड्यात हरवतो कसा? डेप्थ बफरमध्ये अंतर मीटरमध्ये लिहिलेलं नसतं. दूरचं लहान दिसावं यासाठी जो भागाकार करावा लागतो, त्यातूनच खोलीचा आकडाही निघतो, ० ते १ या दरम्यानचा. त्याची वाटणी अत्यंत असमान असते. आमच्या कॅमेऱ्याला १० सेंटिमीटरच्या पुढचं दिसत असे. अशा वेळी शून्यापासून अर्ध्यापर्यंतचे सगळे आकडे, म्हणजे निम्मा साठा, १० ते २० सेंटिमीटर या चिंचोळ्या पट्टीत खर्च होतो. उरलेल्या निम्म्यात अख्खं जग बसवायचं. २४ बिटांच्या बफरमध्ये १० मीटरवर दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतं. एक किलोमीटरवर तेच साधारण ६० सेंटिमीटर होतं. त्यात आमचे दहा सेंटिमीटरचे पट्टे कुठून टिकणार?

पहिला उपाय सगळेच करतात तो मीही केला. दिसण्याची सुरुवात १० सेंटिमीटरऐवजी एक मीटरवर नेली. किलोमीटरवरचं अंतर दहा पटींनी घटून ६ सेंटिमीटरवर आलं आणि पट्टे शांत झाले. पण घरात शिरल्यावर दाराजवळ गेलं की दारच कापलं जाऊन पलीकडची खोली दिसू लागली. गिऱ्हाईक आधी दाराशीच जातं.

दुसरा उपाय आकडे उलटे करण्याचा. जवळचं १, लांबचं ०. आणि बफर २४ बिटांच्या पूर्णांकाऐवजी ३२ बिटांच्या फ्लोटचा. नुसते आकडे उलटवून काहीच हाती लागत नाही, नुसत्या फ्लोटनंही फारसं नाही. दोन्ही एकत्र आल्यावर जमतं, कारण फ्लोटमध्ये शून्याच्या जवळ आकड्यांची दाटी असते. भागाकारानं लांबच्या जगाला जेवढं उपाशी ठेवलं, तेवढं फ्लोट त्याच्या ताटात वाढतो. किलोमीटरवरचं अंतर कागदावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास येतं. तिनं ज्याबद्दल विचारलं ते शून्य हेच. बफर पुसणं म्हणजे प्रत्येक ठिपक्याला “इथे अजून काही नाही, अनंतापर्यंत मोकळं आहे” असं सांगणं, आणि आमच्याकडे अनंत म्हणजे ०.

```
glClipControl(GL_LOWER_LEFT, GL_ZERO_TO_ONE);
glClearDepth(0.0);
glDepthFunc(GL_GEQUAL);
```

या तीन ओळी, उलटा केलेला कॅमेऱ्याचा मॅट्रिक्स आणि `GL_DEPTH_COMPONENT32F` प्रकारचा बफर, असा हा पाच जणांचा संसार आहे. डॉक्युमेंटमध्ये मी प्रत्येकापुढे लिहिलं, की हा एकटा बिघडला तर काय दिसेल. पुसण्याचा आकडा १ झाला तर एकही वस्तू उमटत नाही. मॅट्रिक्स सुलटा राहिला तर लांबच्या वस्तू जवळच्यांवर चढतात आणि घर उसवल्यासारखं आतलं बाहेर दिसतं. तुलनेतून ‘किंवा समान’ गेलं तर आकाश नाहीसं होतं, कारण आकाशाची खोलीही शून्यच. या तिन्ही चुका आरडाओरडा करतात, त्यांची भीती नाही.

गप्प बसणाऱ्या चुका दोन. बफर चुकून २४ बिटांचा झाला तर चित्र अगदी बरोबर दिसतं, फक्त लांबची चुरचूर परत येते. `glClipControl` ची ओळ गेली तरी तेच. ओपनजीएलची मूळ पद्धत खोली −१ ते १ मध्ये धरते आणि मग ती ० ते १ मध्ये दाबून बसवते. त्या दाबण्यात आमचे सगळे आकडे अर्धा ते एक या दरम्यान येतात आणि शून्याजवळच्या दाटीचा फायदा हातचा जातो. टेबल, खुर्ची, दार, सगळं ठीक दिसतं. किलोमीटरवर मात्र मीटरभराचा घोळ असतो.

म्हणून एक तपासणीचा देखावा करून ठेवला. किलोमीटरवर दोन मोठे फलक, पुढे लाल, त्याच्या एक सेंटिमीटर मागे हिरवा. कॅमेरा सावकाश फिरतो. लालात एक जरी हिरवा ठिपका चमकला तर पाचांपैकी कुणीतरी घर सोडलं आहे.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला उशिरा कळली होती, तीही लिहिली. पडद्यावर डबल क्लिक केलं की कॅमेरा त्या जागी जातो. त्यासाठी तो कोड डेप्थ बफरमधला आकडा वाचतो, आणि ‘१ म्हणजे आकाश, जाऊ नको’ असं त्यात जुनंच लिहिलेलं होतं. सगळं उलटवल्यानंतर एका डेमोत कुणीतरी आकाशावर क्लिक केलं. खोली शून्य, तिनं भागलं, अंतर अनंत. कॅमेरा निघाला तो परतलाच नाही. तेव्हापासून डॉक्युमेंटमध्ये ‘डेप्थ बफर कोण कोण वाचतं’ अशी वेगळी यादी आहे. शॅडो मॅप त्या यादीत अपवाद म्हणून आहे. सूर्याचा कॅमेरा लांबचं लहान करत नाही, त्याचे आकडे सरळ अंतरानुसार वाढतात, म्हणून तिथे अजूनही जुनंच १ चालतं आणि त्या कामानंतर वरच्या शेवटच्या दोन ओळी पुन्हा लावाव्या लागतात.

जे सुटलं नाही तेही मांडलं. दोन पृष्ठभाग एकाच प्रतलात असतील, तर उलटे आकडे काही करू शकत नाहीत; मॉडेल करणाऱ्यानंच एक जरा पुढे घ्यायला हवा. काचांचा क्रम आम्ही प्रत्येक काचेच्या मध्यबिंदूवरून लावतो. त्यामुळे कोपऱ्यातून वळणारी एकसंध काचेची रेलिंग कधीकधी चुकीच्या क्रमानं रंगते. आमचा उपाय, कोपऱ्यात तिचे दोन तुकडे करा.

डॉक्युमेंट सात पानांचं झालं. फाइलींची यादी मी काढून टाकली. ती कोड उघडल्यावर दिसतेच.

मी गेल्यावर दोन महिन्यांनी तिचा मेसेज आला. एका बिल्डरकडे मॅकवर डेमो होता आणि लांबची इमारत चुरचुरत होती. तिनं ‘गप्प बसणाऱ्या चुका’ हे पान उघडलं आणि कारण सापडलं. `glClipControl` आलं ओपनजीएल ४.५ मध्ये, आणि ॲपलनं मॅकवरचं ओपनजीएल ४.१ वरच थांबवलेलं आहे. माझा कोड ते नसेल तर काही न बोलता ओळ ओलांडून पुढे जायचा. म्हणजे तिसरी गप्प चूक मी स्वतःच लिहून ठेवली होती.

तिनं मॅकसाठी घरात १० सेंटिमीटर आणि बाल्कनीत ५० सेंटिमीटर अशी सुरुवात बदलती ठेवली. चुरचूर कमी झाली, गेली नाही. मग त्या पानाखाली तिनं तेवढंच लिहिलं: मॅकवर ही ओळ चालत नाही, आता तसा इशारा लॉगमध्ये येतो, आणि लाल-हिरव्या फलकांची तपासणी तिथे नापास होणार हे गृहीत धरा.