दिवाळीचा एक ठिपका

समजा, फराळाचं एक दुकान आहे. मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत मालकाने जाहिरातीवर अनुक्रमे ४, ५, ६, ७ आणि ८ हजार रुपये खर्च केले. विक्री झाली ९०, ८४, ९६, ८८ आणि ९२ हजारांची. ऑक्टोबरात दिवाळी आली. जाहिरात २० हजारांची, विक्री १ लाख ७० हजारांची. पुढे एखाद्या महिन्यात १२ हजार खर्च केले तर विक्री किती होईल?

एक्सेलमध्ये B रकान्यात खर्च आणि C मध्ये विक्री, दोन्ही हजारांत भरून ही तीन सूत्रं लिहायची:

```
=SLOPE(C2:C7,B2:B7)
=INTERCEPT(C2:C7,B2:B7)
=RSQ(C2:C7,B2:B7)
```

उत्तरं येतात ५.४३, ५८.०८ आणि ०.९४. पहिला आकडा उताराचा: जाहिरातीचा खर्च हजाराने वाढला की विक्री सुमारे ५,४३० रुपयांनी वाढते. ही विक्री आहे, नफा नव्हे. दुसरा आकडा म्हणजे खर्च शून्य धरला तर रेषा दाखवते ती विक्री. म्हणून १२ हजारांचा अंदाज ५८.०८ + ५.४३ × १२, म्हणजे जवळपास १ लाख २३ हजार.

कंसात विक्री आधी, खर्च नंतर. हा क्रम उलटला तर उतार ०.१७ येतो, पण RSQ मात्र ०.९४ च राहतो, कारण त्याला क्रमाशी देणंघेणं नसतं. त्यामुळे RSQ चांगला दिसला म्हणून सूत्र बरोबर आहे असं समजू नये.

RSQ ०.९४ म्हणजे विक्रीतल्या चढउताराचा ९४ टक्के भाग या सरळ रेषेत बसतो. हे वाचून मालक खूश होईल. पण त्याने आधी या आकड्यांचा ठिपक्यांचा आलेख काढावा. पाच ठिपके डावीकडे खाली दाटीने बसलेले दिसतील आणि एकटा ऑक्टोबर वर उजव्या कोपऱ्यात. रेषा त्या एका ठिपक्याकडे ओढली गेली आहे.

आता ऑक्टोबरची ओळ वगळून सूत्रांत C2:C6 आणि B2:B6 लिहा. उतार ०.८ वर येतो, INTERCEPT ८५.२ होतो आणि RSQ अवघा ०.०८. १२ हजारांचा अंदाज ९४,८०० रुपयांवर घसरतो. ऑक्टोबरात गिऱ्हाईक दिवाळीमुळे आलं की जाहिरातीमुळे, हे या सूत्रांना कळत नाही. मालकाने खर्च वाढवला तोही दिवाळी तोंडावर आली म्हणूनच.

शिवाय ८ ते २० हजारांच्या मध्ये एकही महिना नाही. त्यामुळे १२ हजारांचा कुठलाही अंदाज हा मोकळ्या जागेवरून ओढलेल्या रेषेचा आहे. माझ्या मते, सण नसलेल्या दोन-तीन महिन्यांत मुद्दाम १०, १२, १४ हजार खर्च करून बघावेत आणि त्या ओळी भरून सूत्रं पुन्हा चालवावीत. ऑक्टोबरची तुलना मागच्या दिवाळीच्या महिन्याशी करावी.