तिसऱ्या सोमवारची ऑर्डर

एमआरपी म्हटलं की पाकिटावर छापलेली किंमत आठवते. कारखान्यातली एमआरपी वेगळी. कोणता माल किती लागेल आणि तो कधी मागवायचा, याचा हा हिशेब. १९६०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी तो कंप्युटरवर बसवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. गाड्या किती खपतील याचा अंदाज बांधावा लागतो. पण गाड्यांचा आकडा ठरला की बेअरिंगचा अंदाज कशाला? तो आकडा गणितानेच निघतो.

एका छोट्या वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. माल वाहायच्या ५० ढकलगाड्या आठव्या आठवड्याच्या सोमवारी द्यायच्या आहेत. एका गाडीला ४ चाकं, एका चाकात २ बेअरिंग. ही सुट्या भागांची यादी म्हणजे ‘बीओएम’. स्टोअरमध्ये १० तयार गाड्या, ४० तयार चाकं आणि ६० सुटी बेअरिंग पडून आहेत.

घाईत माणूस सरळ गुणाकार करतो: ५० गाड्यांना ४०० बेअरिंग, ६० आहेत, ३४० मागवा. इथेच पैसा अडकतो. तयार गाड्यांच्या आणि तयार चाकांच्या पोटात प्रत्येकी ८० बेअरिंग आधीच बसलेली आहेत, ती या हिशेबात आलीच नाहीत.

म्हणून एकेक पायरी उतरायची आणि प्रत्येक पायरीवर शिल्लक वजा करूनच खाली जायचं. ५० गाड्यांतून १० गेल्या, ४० बनवायच्या. त्यांना १६० चाकं. ४० आहेत, १२० जोडायची. त्यांना २४० बेअरिंग. ६० आहेत, मागवायची फक्त १८०.

आता तारखा. त्या उलट्या मोजायच्या. गाडी जोडायला एक आठवडा लागतो, म्हणजे सातव्या सोमवारी चाकं तयार हवीत. चाकं जोडायला एक आठवडा, म्हणजे सहाव्या सोमवारी बेअरिंग हातात हवीत. पुरवठादार तीन आठवडे घेतो. तेव्हा ऑर्डर तिसऱ्या सोमवारी गेलीच पाहिजे.

हा हिशेब एका ठिकाणी हमखास फसतो. समजा, रजिस्टरात ४० चाकं आहेत, पण रॅकवर निघाली १०. हे कळतं सातव्या सोमवारी, गाड्या जोडायला चाकं काढताना. हाती १३० चाकं, त्यांतून ३२ गाड्या. आधीच्या १० धरून ४२ वेळेवर जातात. उरलेल्या ८ गाड्यांसाठी बेअरिंग नव्याने मागवायची: तीन आठवडे बेअरिंगचे, एक चाकांचा, एक गाड्यांचा. त्या बाराव्या सोमवारी, चार आठवडे उशिरा तयार होतात. गुणाकार कुठेच चुकलेला नव्हता.

शिवाय आठवड्याभरात १२० चाकं जोडायला माणसं आणि यंत्रं पुरतील का, हे मूळ एमआरपी तपासत नाही. ते वेगळं बघावं लागतं. तुमच्या वर्कशॉपमध्ये हे सॉफ्टवेअर आणणार असाल, तर त्याआधी एकदा रॅकवरची चाकं स्वतः मोजा.