सूत्र तेच, पत्ता बदललेला

माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. चाळीतला माल कधी काढायचा, हे ठरवण्यासाठी त्याने गूगल शीट्समध्ये एक तक्ता केला आहे. कुठल्याशा संकेतस्थळावरचा रोजचा बाजारभाव त्या तक्त्यात आपोआप उतरतो. एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. "दादा, भावाच्या रकान्यात नुसतं #N/A येतंय. शनिवारपर्यंत बरोबर होतं आणि मी कशालाच हात लावलेला नाही."

त्याने हात लावला नव्हता हे खरंच होतं. तसं पाहिलं तर फॉर्म्युलाही बिघडला नव्हता. रविवारी रात्री त्या संकेतस्थळाने आपल्या पानाची मांडणी बदलली होती, एवढंच.

घर नव्हे, घराची वाट

भाव आणणाऱ्या फंक्शनचं नाव IMPORTXML. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठलं पान आणायचं आणि त्या पानातला कुठला तुकडा उचलायचा. आपल्याला पडद्यावर दिसतं ते रंगीत पान. फंक्शनच्या हाती येतो तो त्यामागचा एचटीएमएल मजकूर, आणि तो असतो उलट्या झाडासारखा. सगळ्यात वर मूळ, त्याला मोठे कप्पे, कप्प्यात लहान कप्पे, त्यात तक्ता, तक्त्यात ओळी आणि ओळीत घरं. या झाडातून हव्या त्या घरापर्यंत जाण्याची वाट लिहायला 'एक्सपाथ' नावाची छोटी भाषा आहे. तिची पहिली आवृत्ती 1999 साली प्रमाणित झाली आणि शीट्समध्ये आजही तीच चालते.

भावाने ब्राउझरमधून उचललेली वाट अशी होती:

```
/html/body/div[3]/div[2]/table/tbody/tr[2]/td[5]
```

मराठीत वाचायचं तर, मुख्य भागातला तिसरा कप्पा, त्यातला दुसरा, त्यातला तक्ता, तक्त्याची दुसरी ओळ आणि ओळीतलं पाचवं घर. गावात पाहुण्याला "पारापासून तिसरी गल्ली, डावीकडचं दुसरं घर" असा पत्ता सांगावा, तसाच हा प्रकार. वाटेत एखादं नवं घर उभं राहिलं की पाहुणा भलत्याच दारात जाणार.

इथे नेमकं तेच झालं. पानाच्या माथ्यावर सूचनेची एक नवी पट्टी आली आणि तिने स्वतःचा कप्पा व्यापला. पूर्वीचा तिसरा कप्पा चौथा झाला. फॉर्म्युला तिसऱ्यात शिरला, तिथे तक्ताच नव्हता आणि तो रिकाम्या हाताने परतला. पान वाचणाऱ्या माणसाचं काहीच अडलं नसेल, कारण डोळा थेट "कांदा" शब्द शोधतो. किती कप्पे ओलांडले, ते तो मोजत नाही.

बिघाड कुठे, हे कसं ओळखावं

#N/A दिसलं की त्या सेलवर माउस नेऊन आतला संदेश वाचावा. `Imported content is empty` असं लिहिलेलं असेल, तर पान मिळालं पण सांगितलेल्या वाटेवर काही सापडलं नाही. `Could not fetch url` असेल, तर पानच हाती आलेलं नाही. पत्ता बदलला असेल, किंवा संकेतस्थळाने यांत्रिक वाचकांना दार बंद केलं असेल.

खात्री करायला बाजूच्या सेलमध्ये पानाचं फक्त शीर्षक मागवून बघावं:

```
=IMPORTXML(A1,"//title")
```

नेहमीचं शीर्षक आलं, तर पान पोहोचतंय आणि दोष वाटेत आहे. शीर्षकात "प्रवेश नाही" अशा अर्थाचं काही आलं, तर तुम्हाला दारावरची पाटी मिळाली आहे, पान नाही. तिसरी शक्यता फसवी आहे. शीर्षक नीट येतं, वाटही बरोबर वाटते, तरी आकडा येत नाही. अशा वेळी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि यू ही बटणं दाबून पानाचा मूळ मजकूर उघडावा आणि त्यात तो आकडा शोधावा. पडद्यावर दिसणारा आकडा मूळ मजकुरात नसेल, तर पान उघडल्यानंतर जावास्क्रिप्ट तो मागाहून भरते आहे. IMPORTXML जावास्क्रिप्ट चालवत नाही. त्यामुळे नवी मांडणी या प्रकारची असेल, तर वाट कितीही सुधारली तरी उपयोग नाही.

भावाच्या बाबतीत शीर्षक आलं आणि आकडाही मूळ मजकुरात होता. म्हणजे फक्त वाट चुकली होती.

नावाने शोधलं तर?

पाहुण्याला घरांची मोजदाद सांगण्यापेक्षा "शिंदे गुरुजींचं घर कुठलं, असं विचार" म्हणून सांगणं जास्त पक्कं. एक्सपाथमध्येही ते करता येतं:

```
=IMPORTXML(A1,"//tr[normalize-space(td[1])='कांदा']/td[5]")
```

पानात कुठेही असो, जिच्या पहिल्या घरात 'कांदा' लिहिलंय ती ओळ शोध आणि तिचं पाचवं घर दे, असा याचा अर्थ. normalize-space शब्दाच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढून टाकतं. आता वर पट्ट्या आल्या काय, गेल्या काय, फरक पडत नाही. दालवी, बोहानन आणि शा या संशोधकांनी 2009 साली याच प्रश्नाचं गणित मांडलं होतं. पानांच्या जुन्या आवृत्त्यांवरून झाडात कुठले बदल किती संभवतात याचा अंदाज बांधायचा आणि त्या बदलांत टिकून राहण्याची शक्यता सर्वाधिक असलेली वाट निवडायची, ही त्यांची रीत.

रकाना पुन्हा भरला आणि भाऊ खूश झाला. मला मात्र त्या शेवटच्या td[5] ने स्वस्थ बसू दिलं नाही. ओळ नावाने शोधली होती, पण घर अजूनही मोजूनच सांगितलं होतं.

न ओरडणारी चूक

त्या तक्त्यात पाच रकाने होते: शेतमाल, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. समजा, एका दिवशी ओळ अशी आहे: कांदा, 12400, 700, 2100, 1650. पाचवं घर म्हणजे सर्वसाधारण दर, क्विंटलला 1650 रुपये. पुढच्या आठवड्यात संकेतस्थळाने शेतमालानंतर 'परिमाण' हा नवा रकाना घातला, ज्यात नुसतं 'क्विंटल' लिहिलेलं असतं. सगळी घरं एकाने सरकली. पाचव्या घरात आता जास्तीत जास्त दर आला. शीटवर 2100 दिसू लागले.

या वेळी #N/A नाही, लाल खूण नाही, काहीच नाही. आकडा भावासारखाच दिसतो आणि कांद्याचा भाव आठवड्यात इतका चढूही शकतो. शेतकऱ्याला वाटेल बाजार तापला. प्रत्यक्षात 2100 हा त्या दिवशीच्या सर्वोत्तम मालाला मिळालेला दर होता.

रकानाही नावाने शोधता येतो. मथळ्याच्या ओळीत 'सर्वसाधारण दर' च्या आधी किती मथळे आहेत ते मोजायचं, त्यात एक मिळवायचा आणि तितक्या क्रमांकाचं घर उचलायचं:

```
=IMPORTXML(A1,"//tr[normalize-space(td[1])='कांदा']/td[count(//th[normalize-space()='सर्वसाधारण दर']/preceding-sibling::th)+1]")
```

पाच रकाने असताना आधी चार मथळे असतात, म्हणून पाचवं घर. 'परिमाण' आल्यावर आधी पाच, म्हणून सहावं. पण इथेही एक खाच आहे. उद्या कुणी मथळा बदलून 'सरासरी दर' केला, तर शोध फसतो, मोजणी शून्य होते, शून्य अधिक एक म्हणजे एक, आणि पहिल्या घरातला 'कांदा' हा शब्दच भावाच्या जागी येऊन बसतो. आकड्याऐवजी शब्द आल्याने ही चूक निदान दिसते तरी.

आलेला आकडा तपासायचा

वेबपानांतून माहिती वेचणाऱ्या अशा सूत्रांना संशोधक 'रॅपर' म्हणतात. निकोलस कुशमेरिक यांनी 1997 साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पीएचडीच्या प्रबंधात, उदाहरणं दाखवून संगणकाकडूनच असे रॅपर कसे शिकवून घ्यायचे हे मांडलं. पण शिकलेला रॅपर पान बदललं की निकामी होतो, हे लगेच ध्यानात आलं. 2003 साली लर्मन, मिंटन आणि नॉब्लॉक यांनी सुचवलेला उपाय साधा आणि शहाणपणाचा होता. रॅपर नीट चालतोय तोवर त्यातून येणारी माहिती कशी दिसते, हे यंत्राने लक्षात ठेवायचं. उद्या येणारी माहिती त्या ओळखीत बसेनाशी झाली, तर रॅपर मोडला असं समजायचं.

हेच घरगुती पातळीवर करता येतं. भावाच्या शीटमध्ये आता एकाऐवजी तीन दर येतात. B मध्ये कमीत कमी, C मध्ये जास्तीत जास्त आणि D मध्ये सर्वसाधारण. शेजारी ही तपासणी आहे:

```
=IF(AND(COUNT(B2:D2)=3,B2<=D2,D2<=C2),D2,"तपासा")
```

तिन्ही घरांत आकडेच हवेत आणि सर्वसाधारण दर इतर दोघांच्या मध्ये हवा. घरं मोजणारी जुनी वाट ठेवून 'परिमाण' चा प्रसंग इथे घडवून बघा. कमीत कमी दराच्या जागी आवक येते, 12400. जास्तीत जास्तच्या जागी 700 आणि सर्वसाधारणच्या जागी 2100. क्रम मोडला आणि सेलने "तपासा" म्हटलं.

या तपासणीला मर्यादा आहे. उद्या संकेतस्थळाने क्विंटलऐवजी किलोचे दर दिले तर तिन्ही आकडे शंभरपटीने घटतील, क्रम मात्र शाबूत राहील. त्यासाठी आजचा दर कालच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त असेल तर थांबायचं, अशी दुसरी अट लागते. कालचा आकडा मात्र हाताने किंवा स्क्रिप्टने जतन केलेला हवा. फॉर्म्युला स्वतः इतिहास ठेवत नाही. फाइल उघडी असताना तो साधारण तासाने पान पुन्हा वाचतो आणि जुन्यावर नवं लिहितो.

वेबपान माणसाच्या डोळ्यांसाठी बनतं आणि ते बदलताना मालक तुमच्या शीटचा विचार करत नाही. म्हणून यंत्रासाठी मांडलेली माहिती मिळत असेल तर आधी तीच घ्यावी. भारत सरकारच्या data.gov.in वर देशभरातल्या बाजारांचे दैनंदिन भाव मिळतात आणि तिथे प्रत्येक आकडा min_price, max_price, modal_price अशा नावासकट येतो. रकाने पुढेमागे झाले तरी नाव सोबत असतं. अर्थात, बाजारातून त्या दिवसाची नोंदच गेली नसेल, तर तिथेही आकडा नसणार.

आणि एक गोष्ट मात्र आजच बघा. #N/A डोळ्यांना खुपतं म्हणून कित्येक जण फॉर्म्युल्याभोवती IFERROR गुंडाळतात आणि चूक आली तर 0 दाखवायला सांगतात. सहा दिवस 1650 आणि एक दिवस शून्य, म्हणजे आठवड्याची सरासरी 1414. इतका सर्वसाधारण दर त्या आठवड्यात एकाही दिवशी नव्हता. तुमच्या शीटमध्ये असं शून्य असेल तर ते काढून टाका आणि #N/A दिसू द्या.