ओटीपी कुणाच्या फोनवर येणार?

कॉलेज संपता संपता तुमच्यापैकी काही जण दादर-परळच्या एखाद्या सहा-सात जणांच्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीत चिकटतील. तिथे वेगळा एचआर विभाग बहुधा नसतोच. त्यामुळे नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय काय द्यायचं, याची चेकलिस्ट बनवायचं काम सगळ्यात ज्युनिअर माणसावर, म्हणजे तुमच्यावर येऊ शकतं.

आपण काय लिहितो? लॅपटॉप, ईमेल, टीमशी ओळख. हे यादीशिवायही होतं हो! घोडं अडतं ते अकाउंटच्या अ‍ॅक्सेसपाशी.

समजा, क्लायंट आहेत लालबागच्या चिवडा गल्लीतले एक दुकानदार काका. गणपती दहा दिवसांवर आलेत. सोमवारी नवी मुलगी जॉइन झाली आणि तुम्ही तिला इन्स्टाग्रामचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप केला. लॅपटॉप अनोळखी दिसल्यावर इन्स्टाग्रामने ओटीपी मागितला. तो गेला काकांच्या फोनवर, आणि काका गिऱ्हाइकांच्या गर्दीत. झाला अर्धा दिवस फुकट!

म्हणून ‘पासवर्ड दिला’ ही ओळ यादीत नकोच. काकांनी मेटाच्या बिझनेस सेटिंग्जमध्ये एजन्सीला पार्टनर म्हणून जोडायचं. मग एजन्सी नव्या मुलीच्या ईमेलवर इन्व्हाइट पाठवते आणि ती स्वतःच्या लॉगिनने आत येते. यातलं पहिलं पाऊल काकांच्या हातात आहे, म्हणून त्या ओळीसमोर तारीख सोमवारची नाही, आदल्या गुरुवारची टाका. तिला फक्त याच क्लायंटचं पेज आणि जाहिरात खातं द्या. खात्यावर जाहिराती चालवायला `Manage campaigns` एवढी परवानगी पुरते.

आणि टिक कधी करायची? इन्व्हाइट पाठवल्यावर नाही. ते स्पॅममध्येही पडून असू शकतं. तिने तिच्या स्क्रीनवर खातं उघडून दाखवलं की मगच.

दुसरी महत्त्वाची ओळ पहिल्या जाहिरातीची. काकांनी दहा दिवसांसाठी एकूण ५,००० रुपये दिलेत. तिने बजेटमध्ये ‘लाइफटाइम’ऐवजी ‘डेली’ ठेवून ५,००० टाकले, तर दहा दिवसांत ५०,००० उडू शकतात. तेव्हा यादीत स्पष्ट लिहा: पहिल्या तीन जाहिराती ड्राफ्टमध्येच ठेवायच्या, दुसऱ्या कुणी तरी बजेटचा प्रकार, आकडा आणि शेवटची तारीख मोठ्याने वाचायची, मग पब्लिश. शिवाय खात्याला खर्चाची मर्यादा घालता येते. ती मात्र ती येण्याआधीच मालकाने घालून ठेवायची.

आता एक रकाना उरला, जो हमखास विसरला जातो. प्रत्येक अ‍ॅक्सेससमोर ‘काढला’ असं लिहून तारखेची जागा रिकामी सोडा. उद्या ती मुलगी दुसरीकडे गेली, तर हीच यादी उलटी वाचत जायचं आणि एकेक अ‍ॅक्सेस काढायचा. पासवर्ड वाटले असतील, तर मात्र प्रत्येक क्लायंटला फोन करून ते बदलायला सांगत बसावं लागतं, आणि काका तेव्हाही गल्ल्यावरच असतात.