बॅलन्स सर्टिफिकेट आणि अठ्ठावीस दिवस

मुलगी किंवा मुलगा शिकायला परदेशी निघाला की घरातल्या कोणाला तरी बँकेत जाऊन बॅलन्स सर्टिफिकेट आणावं लागतं. शाखेत अर्ज दिला की बँक आपल्या छापील नमुन्यात पत्र देते: अमुक यांच्या अमुक क्रमांकाच्या खात्यात आजच्या तारखेला इतके रुपये शिल्लक आहेत. खाली सही आणि शिक्का. नेटबँकिंगवरून निघणारं सर्टिफिकेटही बहुधा एवढंच सांगतं. प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाला पुष्कळदा हे पुरतं. अमेरिकेतली विद्यापीठं आय-ट्वेंटी काढण्याआधी असंच पत्र मागतात. त्यात रुपयांशेजारी डॉलरचा आकडा लिहून घेतला की काम होतं. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला मात्र हे एका दिवसाचं पत्र चालत नाही, आणि महाराष्ट्रातून तिकडे जाणारी मुलं बरीच असल्यामुळे तोच नियम इथे नीट उलगडून पाहू.

ब्रिटनचा नियम असा, की आवश्यक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. त्या २८ दिवसांत एकाही दिवशी शिल्लक त्या रकमेखाली जाता कामा नये. शिवाय २८वा दिवस व्हिसाचा अर्ज भरण्याच्या तारखेपासून मागे ३१ दिवसांच्या आत पडला पाहिजे. म्हणजे मार्चमध्ये महिनाभर पैसे ठेवले आणि जुलैमध्ये अर्ज केला, तर मार्चचा पुरावा उपयोगाचा नाही.

आवश्यक रक्कम म्हणजे पहिल्या वर्षाची उरलेली फी अधिक राहण्याचा खर्च. हा खर्च जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा धरतात. नोव्हेंबर २०२५पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड हा दर आहे.

साताऱ्याची एक मुलगी लीड्सला एका वर्षाच्या मास्टर्ससाठी निघाली आहे असं धरू. फी २४,००० पौंड. त्यातले ६,००० तिने आधीच भरले आणि विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या सीएएसमध्ये ते नोंदवले. उरली फी १८,००० पौंड. नऊ महिन्यांचे १०,५३९ मिळवले की २८,५३९ पौंड होतात. पौंडाला ११५ रुपये धरले तर साधारण ३२ लाख ८२ हजार रुपये.

वडिलांची मुदत ठेव मोडून ३ जुलैला बचत खात्यात एकूण ३३ लाख २० हजार जमले. हिशेबाने ३० जुलैला २८ दिवस भरतात, ३१ला पत्र घ्यायचं. पण १८ जुलैला विम्याचा ४८,००० रुपयांचा हप्ता खात्यातून आपोआप वळता झाला आणि शिल्लक ३२ लाख ७२ हजारांवर आली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी लाखभर भरले. घरच्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र १९ जुलैपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली, आणि २८वा दिवस १५ ऑगस्टला आला. सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू होणाऱ्या मुलीसाठी हे १६ दिवस फार महाग पडतात. आणि ३१ जुलैच्या सर्टिफिकेटवर हा खड्डा दिसतच नाही. तो स्टेटमेंटमध्ये दिसतो. म्हणून पत्र हाती आलं तरी त्या काळाचं स्टेटमेंट ओळीन् ओळ वाचून काढावं.

विम्याचा हप्ता चुकला नसता तरी दुसरा धोका होताच. रुपयांचे पौंड करताना ब्रिटनचं गृहखातं ओआंडा या संकेतस्थळावरचा, अर्ज भरण्याच्या दिवशीचा दर लावतं. बँकेने पत्रात पौंडाचा आकडा लिहून दिला असला तरी तो अंतिम नसतो. पौंड ११७ रुपयांवर गेला की तीच गरज ३३ लाख ३९ हजार होते आणि ३३ लाख २० हजारांची शिल्लक अपुरी ठरते. माझ्या मते हिशेबापेक्षा पाच टक्के तरी जास्त ठेवावेत, आणि शक्य असेल तर ज्या खात्यातून हप्ते, बिलं जातात त्या खात्यात हे पैसे ठेवूच नयेत.

मुदत ठेव मोडायची खरं तर गरजही नव्हती. ठेवीची पावती पुरावा म्हणून चालते, मात्र पैसे हवे तेव्हा काढता आले पाहिजेत. करबचतीची पाच वर्षांची ठेव मुदतीआधी मोडता येत नाही, म्हणून ती धरू नये. ज्या ठेवीवर कर्ज घेतलंय आणि बँकेने लिअन लावलाय, तीही धरू नये. शेअर आणि भविष्य निर्वाह निधी मोजलेच जात नाहीत. ऑटो स्वीपच्या खात्याचीही काळजी घ्यावी: ठरावीक रकमेवरचे पैसे आपोआप ठेवीत जातात, आणि केवळ बचत खात्याचं सर्टिफिकेट मागितलं तर त्यात पंचवीस-पन्नास हजारच दिसतात. अशा वेळी खातं आणि त्याला जोडलेल्या ठेवी, दोन्ही एकाच पत्रात मागाव्यात.

शाखेत अर्ज देताना 'बॅलन्स सर्टिफिकेट मिळावे' एवढंच लिहून थांबू नये. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत खात्यातली किमान शिल्लक किती होती, हे पत्रात नमूद करावं अशी स्पष्ट विनंती करावी. पत्र इंग्रजीत, बँकेच्या लेटरहेडवर असावं. त्यात खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, रक्कम आणि तारीख असावी. अधिकाऱ्याचं नाव, शाखेचा फोन आणि ईमेल असला तर उत्तम, कारण व्हिसा कार्यालय बँकेकडे पडताळणी करू शकतं. छापील नमुन्यात किमान शिल्लक लिहायला जागा नसते, त्यामुळे काउंटरवर 'असं देत नाही' हे उत्तर मिळण्याची शक्यता असते. तेव्हा व्यवस्थापकांना भेटावं. तरीही जमलं नाही, तर पूर्ण काळ दाखवणारं स्टेटमेंट द्यावं. तोही मान्य पुरावा आहे.

आपल्याकडे पतसंस्थेत ठेवी असणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. ब्रिटनच्या नियमानुसार वित्तसंस्था त्या देशाच्या योग्य नियामकाच्या देखरेखीखाली असावी, तिच्या नोंदी संगणकीय असाव्यात आणि पडताळणी करता यावी. नागरी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येते, पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली. व्हिसासाठीचे पैसे पतसंस्थेत असतील तर ते आधीच बँकेत वळवावेत, म्हणजे २८ दिवस तिथे भरतील.

महिन्याभरासाठी खात्यात रक्कम 'दाखवून' देणारे एजंट सापडतात. त्यांच्या नादी लागू नये. बनावट पत्र पडताळणीत उघडं पडलं तर अर्ज तर फेटाळला जातोच, शिवाय फसवणुकीबद्दल १० वर्षांपर्यंत ब्रिटनची दारं बंद होऊ शकतात. पैसे कमी पडत असतील तर शैक्षणिक कर्ज हा सरळ मार्ग आहे. नियमित वित्तसंस्थेच्या कर्जमंजुरीच्या पत्राला २८ दिवसांची अट नाही.

खातं कोणाच्या नावावर आहे, हेही तपासावं. स्वतःचं किंवा आईवडिलांचं खातं चालतं. काका, मामा, भाऊ यांचं चालत नाही, मग त्यांची कितीही तयारी असो. त्यांनी पैसे मुलीच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात टाकावेत आणि तिथून २८ दिवस मोजावेत. आईवडिलांचं खातं दाखवताना नातं सिद्ध करणारा जन्मदाखला आणि पैसे वापरायला संमती देणारं त्यांचं सहीचं पत्र जोडावं लागतं. ग्रामपंचायतीचा जुना जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतरही लागतं, आणि त्यावर वडिलांचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नसेल, तर ती दुरुस्ती २८ दिवसांची मोजणी सुरू असतानाच करून घ्यावी.