शुक्रवारच्या आतले ऐंशी पैसे

सत्तरच्या दशकात तालुक्याच्या गावातल्या शाळकरी मुलाला पहिला सिनेमा पाहायचा असेल, तर त्याला पैशांइतकीच वेळेचीही काळजी असे. पैसे पाच-दहा पैशांनी साठत. सिनेमा मात्र शुक्रवारी लागे आणि बहुधा पुढच्या गुरुवारी उतरे. एका चित्रपटाच्या प्रिंट मोजक्याच निघत. त्या आधी मोठ्या शहरांत चालत, मग जिल्ह्याच्या गावी येत आणि तालुक्याला पोहोचेपर्यंत वर्ष-दोन वर्षे उलटून जात. आलेली पेटी ठरल्या दिवशी पुढच्या गावी पाठवावीच लागे. म्हणून पोस्टर पाहून बचतीला लागणाऱ्या मुलाचा सिनेमा हमखास चुकत असे. ‘लवकरच’ अशी पाटी लागली की लगेच पैसे बाजूला टाकणे, हाच एक उपाय होता.

सातारा जिल्ह्यातल्या अशाच एका गावात 1973 च्या सुरुवातीला ‘हाथी मेरे साथी’ची ‘लवकरच’ पाटी लागली. चित्रपट 1971 चा. राजेश खन्ना आणि रामू नावाचा हत्ती एवढी माहिती सातवीच्या वर्गाला पुरेशी होती. मागच्या वर्षी पाऊस न झाल्यामुळे जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे चालू होती. घरात मुलाने सिनेमासाठी पैसे मागायचे ते दिवस नव्हते. थिएटरात पडद्यालगतच्या बाकांचे, म्हणजे थर्ड क्लासचे तिकीट ऐंशी पैसे होते आणि या मुलाने त्यापूर्वी एकदाही थिएटरचे दार ओलांडले नव्हते.

त्याचे ठरलेले उत्पन्न एकच: बाजारच्या दिवशी खाऊला मिळणारे दहा पैसे. पाटी लागल्यानंतर तीन बाजार झाले आणि तिन्ही वेळा त्याने भेळेच्या गाडीकडे पाठ फिरवली. तीस पैसे झाले. सहावीच्या वह्या रद्दीत घातल्या त्याचे पंधरा आले. त्यात एक घासाघीस झाली, कारण दुकानदार पुठ्ठे काढून वजन करत होता आणि मुलाला ते पुठ्ठ्यासकट हवे होते. दुकानदाराचेच खरे ठरले. मग मामा आला आणि निघताना त्याने हातावर चार आणे ठेवले. पंचवीस पैशांना तेव्हाही कोणी पंचवीस पैसे म्हणत नसे. असे सत्तर जमले.

नाणी मातीच्या गल्ल्यात होती. गल्ला फोडला की घरभर कळते, म्हणून तो न फोडता रिकामा करायची एक रीत मुलांना ठाऊक असे. गल्ला उलटा धरायचा, फटीतून पातळ सुरी हळूच आत सरकवायची आणि गल्ला किंचित हलवायचा. नाणे सुरीच्या पात्यावर आडवे बसले की सुरी बाहेर ओढायची, नाणे घसरत तिच्यासोबत येते. पाच पैशांचे चौकोनी ॲल्युमिनियमचे नाणे कोपऱ्याने अडकते, त्याला दोन-तीनदा परत आत पाडावे लागते. दहा पैशांचे नागमोडी कडेचे जुने नाणे जड, ते पटकन पात्यावर येते. नवे ॲल्युमिनियमचे इतके हलके की बसले की नाही ते हाताला कळत नाही, आवाजावरून ओळखावे लागते. सत्तर पैसे बाहेर यायला दुपारची झोपेची वेळ पुरली.

सिनेमा शुक्रवारी लागला. भोंगा बांधलेला टांगा गावभर फिरला, गुलाबी कागदाची हस्तपत्रके उडाली. मुलाकडे दहा पैसे कमी होते आणि पुढचा बाजार रविवारी होता, म्हणजे हिशेब बसत होता. पण त्या रविवारी खाऊचे पैसे मिळालेच नाहीत. आईने ते मिठात घातले आणि मुलाने विचारलेही नाही. सोमवार, मंगळवार गेले. बुधवारी पाटीवर ‘शेवटचे दोन दिवस’ अशी चिठ्ठी चिकटली. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंनी दळणाचा डबा गिरणीत नेऊन आणायला सांगितला आणि उरलेली सुटी नाणी, बरोबर दहा पैसे, “असू दे तुला” म्हणून त्याच्याकडेच राहू दिली.

गुरुवारी तीनचा खेळ. थर्ड क्लासची खिडकी म्हणजे भिंतीतले एक भोक, मूठ आत जाईल एवढेच. आत एकाच वेळी तीन-चार हात घुसत. नाणी मुठीत घट्ट धरायची आणि आतल्या माणसाच्या बोटांना बोटे लागल्याशिवाय मूठ उघडायची नाही, हे मोठ्या मुलांनी शिकवलेले होते. आत उघडी मूठ नेली तर नाणी खाली पडतात आणि मग कोणाची किती हे ठरत नाही. हात बाहेर आला तेव्हा मनगट खरचटले होते आणि बोटांत पातळ पिवळा कागद होता. त्यावर प्रवेशाचा दर आणि करमणूक कर वेगळे छापले होते. मुंबई सरकारने हा कर 1923 च्या कायद्याने बसवला, आणि थर्ड क्लासचे तिकीटही त्यातून सुटत नसे.

अंधारात पहिल्यांदा दिसली ती काळी-पांढरी सरकारी वार्ताचित्रे. ती दाखवणे थिएटरला सक्तीचे होते. हत्तीसाठी आलेल्या मुलाला आपण चुकीच्या खेळाला बसलो की काय, अशी शंका आली. मग सेन्सॉरचे प्रमाणपत्र पडद्यावर आले, मागून शिट्ट्या झाल्या आणि रंग सुरू झाले.

पहिल्या बाकावरून पडदा पुरता डोळ्यांत मावत नाही. मान मागे टाकावी लागते आणि चेहरे खालून वर ताणलेले दिसतात. पण पडद्याचे सगळे बारकावे तिथूनच दिसतात. दर वीस-बावीस मिनिटांनी वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमके, काही सेकंदांनी दुसरा. ती ऑपरेटरसाठीची खूण होती: पहिल्या ठिपक्याला दुसरे यंत्र चालू करायचे, दुसऱ्याला प्रकाश तिकडे वळवायचा. तीन तासांच्या सिनेमाची फीत साडेचार किलोमीटरहून लांब भरते, ती एका रिळात मावत नाही. कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा तो प्रकाश कांड्या झिजल्या की पिवळा पडे, आणि पडद्यावरचे आभाळ अचानक संध्याकाळचे होई. दोन वर्षे गावोगाव फिरलेल्या प्रिंटवर पावसासारख्या उभ्या रेघा होत्या. मुलाला वाटले, सिनेमातच पाऊस पडतो आहे.

मध्यंतरानंतर फीत एकदा तुटली. पडदा पांढरा झाला, बाके आपटली गेली. तुटकी टोके खरवडून, सोल्युशनने चिकटवून ऑपरेटरने पाच मिनिटांत खेळ सुरू केला, पण जोडताना काही चौकटी गेल्या आणि एक वाक्य अर्धेच ऐकू आले. ते वाक्य काय असावे यावर पुढे वर्गात बरेच दिवस वाद चालला.

शेवटी रामू गोळी अंगावर घेऊन मरतो. बाकावरची मुले उघड रडली. दार उघडले तेव्हा बाहेर अजून ऊन होते आणि डोळे मिटावे लागले.

शुक्रवारी सकाळी शाळेत जाताना त्याला थिएटरसमोर हातगाडी दिसली. गाडीवर पत्र्याच्या पेट्या होत्या, त्यांना सुतळीने बांधलेली चिठ्ठी, आणि गाडी एसटी स्टँडकडे निघाली होती. तो स्टँडपर्यंत मागे गेला, पेट्या टपावर चढेपर्यंत थांबला आणि पहिला तास चुकवून शाळेत पोहोचला. अर्धे फाडलेले तिकीट त्याच्या कंपासपेटीत, कोनमापकाखाली होते.